फोटोचं ‘ऑइल पेंटिंग’ केलं, पण जुन्या पेंटरकाकांनी नाक मुरडलं. नेमकं काय चुकतं?

सातारी_कंदी

मंडळी, आईच्या पंचाहत्तरीला तिचा मेणवलीच्या घाटावरचा एक फोटो कॅनव्हासवर छापून दिला. फोटो असा: आई घाटाच्या पायऱ्यांवर बसली आहे, पांढरी साडी, हिरवे काठ, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. ऊन उजवीकडून. मागे कृष्णेचं पाणी आणि वर फिक्कट आभाळ. फोनचा फोटो आहे, ४००० × ३०००. छापण्याआधी त्यावर ऑइल पेंट फिल्टर लावला आणि २४ × १८ इंची प्रिंट काढली. घरात सगळे खूश.

मग वडिलांचे मित्र आले. त्यांनी आयुष्यभर सिनेमाचे बोर्ड आणि देवळातली चित्रं रंगवली आहेत. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “आभाळात गांडुळं कशाला सोडलीत? आणि वहिनींच्या कपाळाला खड्डा पडलाय.” एवढं बोलून चहा प्यायले आणि गेले.

आता मला गांडुळंही दिसतात आणि खड्डाही दिसतो. आधी का दिसलं नाही कोण जाणे. तर प्रश्न असा, की हा फिल्टर ब्रशची दिशा ठरवतो कशावरून? आणि रंगाचा जाडपणा कुठून आणतो? खरा चित्रकार हाच फोटो समोर ठेवून बसला तर वेगळं काय करेल?

भटक्या_कॅमेरा

सोपं आहे. फिल्टर कडा शोधतो आणि कडेच्या दिशेने फटकारे मारतो. आभाळात कडा नाहीत म्हणून गोंधळतो. फिल्टर लावायच्या आधी फोटो भरपूर शार्प करून घ्या, म्हणजे कडा जास्त सापडतील. मी लग्नाच्या फोटोंना हेच करतो.

शून्य_मांडणी

पहिलं वाक्य बरोबर, उपाय मात्र उलटा. शार्प केल्यावर आभाळात कडा येत नाहीत, फोनच्या सेन्सरचे दाणे ठळक होतात. मग फिल्टर त्या दाण्यांनाच दिशा समजतो आणि गांडुळं आणखी धष्टपुष्ट होतात.

मी चित्रकार नाही, प्रतिमांवरचं कोड लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. दिशा कशी काढतात ते सांगतो. प्रत्येक पिक्सेलपाशी विचारायचं की उजेड कुठल्या बाजूला सर्वात वेगाने बदलतोय. समजा आभाळासमोरून विजेची तार गेली आहे. तारेच्या एका अंगाला बाण वर जाईल, दुसऱ्या अंगाला खाली. त्यांची सरळ सरासरी काढली तर शून्य, म्हणजे तार हरवली. म्हणून बाणांचे गुणाकार करून त्यांची सरासरी काढतात. गुणाकारात उलटसुलटपणा निघून जातो आणि फक्त कल उरतो. त्या कलाला काटकोनात वळलं की फटकाऱ्याची दिशा मिळाली.

```python
g = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2GRAY).astype(np.float32)
gx = cv2.Sobel(g, cv2.CV_32F, 1, 0)
gy = cv2.Sobel(g, cv2.CV_32F, 0, 1)
a, b, c = [cv2.GaussianBlur(m, (0, 0), 6)
           for m in (gx*gx, gx*gy, gy*gy)]
theta = 0.5*np.arctan2(2*b, a - c) + np.pi/2
A = np.sqrt((a - c)**2 + 4*b*b) / (a + c + 1e-6)
```

`theta` ही दिशा आणि `A` हा त्या दिशेवरचा भरवसा, ० ते १. साडीच्या काठावर `A` एकाच्या जवळ जाईल, आभाळात शून्याकडे. मेख अशी की `A` शून्याजवळ असला तरी `theta` काही ना काही आकडा देतोच. “इथे दिशाच नाही” असं ते गणित म्हणत नाही. मग त्या फुकटच्या आकड्यावर रेघ ओढली जाते, शेजारच्या पिक्सेलला थोडी वळते, पुढे आणखी वळते. तुमच्या काकांची गांडुळं ती हीच. फोटो कुणी फॉरवर्ड केलेला असेल तर आणखी गंमत होते, कारण JPEG चे ८ × ८ चे चौकोन आभाळात ठसतात आणि रेघा त्या चौकटींच्या नादी लागतात.

पमाताई_नाशिक

आम्हीपण सासऱ्यांचा फोटो असाच कॅनव्हासवर करून घेतला होता, पण पहिल्याच पावसाळ्यात खालच्या कोपऱ्याला बुरशी आली आणि रंग पिवळट झाला. दुकानदार म्हणे भिंतीला ओल आहे. वरून वॉर्निश मारलं तर टिकेल का? कोणतं मारावं?

सातारी_कंदी

पमाताई, तो वेगळा विषय होईल हो. पण वॉर्निशचं कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

@शून्य_मांडणी, आभाळाचं कळलं. पण चेहऱ्यावर, पायऱ्यांवर तर कडा आहेत. तिथेही काकांना ते पटलं नव्हतं. “सगळं एकाच कंगव्याने विंचरलंय” असं काहीतरी पुटपुटले.

जुना_रंगारी

तुमच्या काकांना माझा नमस्कार कळवा. कंगवा हा शब्द चपखल आहे.

मी ए.टी.डी. करून शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, सुट्टीत पोर्ट्रेटची कामं घेतली. फिल्टरचं गणित मला येत नाही, पण मेणवलीच्या त्या पायऱ्यांवर बसून मी स्वतः रंगवलं आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

पायरीला दोन अंगं असतात. एक आडवं, ज्यावर पाय ठेवतो. दुसरं उभं, जे समोरून दिसतं. समोरून पाहिलं तर दोन्हींच्या मधली रेघ आडवीच. वर शून्य_मांडणी यांनी सांगितलं ते खरं असेल तर फिल्टरला दोन्हीकडे आडवी कडाच दिसणार आणि तो दोन्हीकडे आडवेच फटकारे मारणार. सगळा घाट चटईसारखा सपाट. मी काय करतो? आडव्या अंगावर ब्रश आडवा नेतो आणि उभ्या अंगावर वरून खाली ओढतो, कडेला काटकोनात. रंग जवळपास तोच, काळ्या दगडाचा करडा, पण ब्रशची दिशा बदलल्याबरोबर डोळ्याला कळतं की इथे दगड वळला. उजेडाचा फरक कमी असला तरी चालतं, कारण ओल्या रंगातल्या केसांच्या खाचा दोन्ही अंगांवर प्रकाश वेगळा परततात.

म्हणजे फिल्टर कडेबरोबर चालतो. आम्ही पृष्ठभागाबरोबर चालतो. कधी दोन्ही एक येतात, साडीच्या काठावर येतात तसे. बऱ्याचदा येत नाहीत.

गालाचंही तेच. गालावर उजेड आणि सावलीची मऊ हद्द वरून खाली उतरते. फिल्टर त्या हद्दीला समांतर रेघा मारेल, आणि गाल कांद्याच्या पाकळ्यांसारखा दिसेल. मी त्या हद्दीवरून आडवा जातो, कानाकडून नाकाकडे, आखूड आखूड चपटे फटकारे, प्रत्येकाला पॅलेटवर वेगळा कालवलेला एकच रंग. गाल गोल होतो तो त्या तुकड्यांमुळे.

पाण्यात तर फिल्टरची फारच पंचाईत होत असेल. आम्ही प्रतिबिंब आधी उभं ओढतो आणि मग कोरड्या चपट्या ब्रशने त्यावरून एक-दोनदा आडवं हलकं फिरवतो. एकाच जागी दोन दिशा.

भटक्या_कॅमेरा

पण व्हॅन गॉगचं आभाळ बघा की. ‘तारांकित रात्र’मध्ये सगळी गांडुळंच आहेत. त्याला कुणी नावं ठेवत नाही.

जुना_रंगारी

बघा, आणि नीट बघा. जून १८८९ मधलं चित्र आहे, न्यूयॉर्कच्या मोमामध्ये आहे. त्या आभाळातले भोवरे कुठल्या कडेला धरून आलेले नाहीत. डोळ्यांना आभाळात तशा रेघा दिसतच नाहीत. त्याने आधी भोवरा ठरवला आणि मग फटकाऱ्यांनी तो उभा केला. चंद्राभोवती ते फिरतात, सायप्रसच्या झाडात वर चढतात, डोंगरांवर उताराने उतरतात. प्रत्येक वस्तूची चाल वेगळी. फिल्टरच्या आभाळात सगळी वळवळ एका मापाची असते आणि कुठेही जात नाही.

आणि उलट बाजूही लक्षात घ्या. राजा रविवर्म्याची तैलचित्रं पाहिलीत तर चेहऱ्यावर फटकारे शोधावे लागतात, इतकं सफाईदार काम. तैलरंग म्हणजे खडबडीत रेघा हे समीकरणच मुळात या फिल्टरवाल्यांनी डोक्यात भरवलं आहे.

शून्य_मांडणी

पायरीचं उदाहरण वाचून थेट चालवूनच पाहिलं. आमच्या सोसायटीच्या जिन्याचा फोटो घेतला. रंगारीकाका म्हणतात तेच. आडव्या आणि उभ्या दोन्ही अंगांवर `theta` जवळजवळ सारखा. कोडला पायरी दिसतच नाही, फक्त पट्टे दिसतात.

एक गोष्ट माझ्याकडून. या जातीचे बरेच फिल्टर कुवाहाराच्या पद्धतीवर उभे आहेत. ही पद्धत १९७६ ची, हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला खरखरीतपणा घालवायला काढलेली. पिक्सेलभोवती एक चौकोन घ्यायचा, त्याचे चार भाग पाडायचे, ज्या भागात रंग सर्वात एकसारखा आहे त्याची सरासरी त्या पिक्सेलला द्यायची. म्हणजे कडेजवळचा पिक्सेल नेहमी कडेच्या एकाच बाजूची बाजू घेतो. खरखर जाते आणि कड धारदार राहते. पुढे २००९ मध्ये त्या चौकोनाऐवजी वर काढलेल्या दिशेने लांबट केलेली लंबवर्तुळं वापरायला लागले आणि त्याला ब्रशची झाक आली. पण स्वभाव तोच राहिला: कड ओलांडायची नाही.

जुना_रंगारी

हे मला माहीत नव्हतं, आणि यातच दुखणं आहे. आम्ही कड मुद्दाम ओलांडतो. आईंची पांढरी साडी उजवीकडे उन्हात फिक्कट पाण्यासमोर आहे ना? तिथे मी साडीचा पांढरा ओला असतानाच ब्रश पाण्यात ओढीन, कड हरवू देईन. डावीकडे सावलीतल्या दगडासमोर मात्र कड सुरीसारखी ठेवीन. केसांच्या बाहेरच्या रेघेवर तर आभाळाचा रंग बाहेरून आत घुसवतो. केस आधी थोडे मोठे काढायचे आणि आभाळाने कापून लहान करायचे. त्या जागी ब्रशला खालचा काळा थोडा लागतो आणि आभाळात किंचित मळकट शेपूट येतं. ते शेपूट पुसायचं नाही.

सातारी_कंदी, एक काम करा. तुमच्या प्रिंटवरचा कुठलाही एक फटकारा बोटाने धरा आणि त्याची सुरुवात आणि शेवट शोधा. खऱ्या फटकाऱ्याला सुरुवात असते, जिथे भरलेला ब्रश टेकतो आणि दोन्ही कडांना रंगाचा बांध येतो. मग ब्रश रिकामा होत जातो, आणि शेवटी कॅनव्हासची वीण फक्त वरच्या टोकांवर रंग धरते. तुम्हाला तसा एक तरी सापडतो का सांगा.

सातारी_कंदी

भिंग घेऊन बसलो होतो, बायको हसत होती. नाही सापडला. रेघ सुरू कुठे होते आणि दुसरीत कधी मिसळते ते कळतच नाही. शिवाय एकाच रेघेत रंग बदलत जातो, साडीच्या पांढऱ्यापासून काठाच्या हिरव्यापर्यंत.

पट्टीही लावली. रेघांची जाडी सगळीकडे साधारण सव्वा मिलिमीटर. डोळ्यात तेवढीच, आभाळात तेवढीच.

शून्य_मांडणी

हिशोब बरोबर येतो. ४००० पिक्सेल २४ इंचांत, म्हणजे इंचाला १६७ च्या आसपास. फिल्टरची रेघ ८ पिक्सेलची धरली तर १.२ मिलिमीटर.

जुना_रंगारी

सव्वा मिलिमीटर म्हणजे बारीक राउंड ब्रश, सही करायला वापरतो तो. त्याने दोन फुटी चित्राचं आभाळ कोण रंगवेल? मी आभाळाला इंचभर रुंदीचा फ्लॅट घेतो, तो नाही तर डुकराच्या केसांचा आठ नंबर. चेहऱ्याला चार नंबर, आणि बारीक ब्रश फक्त डोळ्यातल्या ठिपक्याला.

शून्य_मांडणी

म्हणूनच फिल्टरच्या आधी फोटो १००० पिक्सेलवर आणून बघा. तीच ८ पिक्सेलची रेघ मग प्रिंटवर जवळजवळ ५ मिलिमीटरची होते. मग फोटो मोठा करायचा आणि जाडपणाचा परिणाम त्यानंतर वेगळा द्यायचा, नाहीतर उंचवटेही धुरकट होतात. जाडी सगळीकडे एकसारखी ही तक्रार मात्र राहतेच. त्यावर १९९८ मधली हर्ट्झमन या संशोधकाची पद्धत जास्त शहाणी आहे. आधी मोठ्या ब्रशने सगळं भरायचं, मग मूळ फोटोशी ताडून जिथे फार चुकलं असेल तिथेच लहान ब्रशने परत जायचं. आभाळ मोठ्या ब्रशवरच सुटतं, डोळ्याला बारीक ब्रश मिळतो. प्रत्येक फटकाऱ्याला एकच रंगही असतो. पण दिशा तिथेही कडांवरूनच.

कोयनाकाठ

आणि तो कपाळाचा खड्डा? त्यावर कुणी बोललंच नाही. माझा अंदाज, फोटोत ऊन उजवीकडून आहे आणि फिल्टरने उंचवट्यांवर उजेड डावीकडून टाकला असेल. दोन उजेड भांडले की खोटं दिसणारच.

शून्य_मांडणी

खड्ड्याचं कारण वेगळं आहे. फिल्टरकडे रंगाची उंची कुठेच नोंदलेली नसते. म्हणून पुष्कळ ठिकाणी सरळ उजळपणालाच उंची मानतात. पांढरं म्हणजे वर, काळं म्हणजे खाली. मग त्या नकली डोंगरदऱ्यांवर एका बाजूने उजेड टाकायचा. कुंकू कपाळापेक्षा गडद, म्हणजे खोल. उजेड वर-डावीकडून धरला असेल तर कुंकवाची वरची डावी कड काळी पडली असेल आणि खालची उजवी चमकत असेल. बघा तसं आहे का. उंचवटा असता तर नेमकं उलट झालं असतं.

सातारी_कंदी

तंतोतंत तसंच आहे! आणि साडीवरच्या काळ्या बुट्ट्यासुद्धा सगळ्या खाली गेल्या आहेत. चाळणी केली आहे साडीची.

जुना_रंगारी

अरे देवा. कुंकू तर सगळ्यात शेवटी लावायचं असतं. चेहरा झाला, दोन पावलं मागे गेलो, मग ब्रशच्या टोकावर कॅडमियम रेडचा गोळा घेऊन एकदाच टेकवायचा आणि उचलायचा. ब्रश उचलताना मध्ये बारीकसं टोक उभं राहतं. पोर्ट्रेटमधली ती सर्वात जाड जागा असू शकते, गडद असूनही.

पण कोयनाकाठ, तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. चित्रातला उजेड आणि रंगाच्या उंचवट्यांवर पडणारा खोलीतला उजेड हे वेगळे असतातच. उजवीकडून ऊन दाखवणारं चित्र तुम्ही डाव्या खिडकीच्या भिंतीवर लावता तेव्हा उंचवटे डावीकडूनच चमकतात, आणि कुणालाही ते खोटं वाटत नाही. प्रिंटचं पितळ उघडं पडतं ते वेगळ्या कारणाने. तुम्ही चालत बाजूला गेलात तरी तिच्यावरची चमक हलत नाही. दिवा मालवला तरी ती तिथेच. कंदीसाहेब, तुमची प्रिंट कुठे टांगली आहे?

सातारी_कंदी

खिडकी उजवीकडे आहे. म्हणजे छापलेला उजेड डावीकडून आणि खरा उजवीकडून.

जुना_रंगारी

मग घरातल्या घरातच भांडण आहे.

आता जाडपणाची आमची रीत. सावल्या पातळ, उजेड जाड, हे पहिलं. घाटाच्या सावलीतला दगड मी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून घासतो, जागोजागी फडक्याने पुसतो. कॅनव्हासची वीण दिसते, दिसू द्यायची. सावलीत उंचवटे आले की त्यांच्यावर खोलीतला उजेड चमकतो आणि सावली राखाडी पडते, म्हणून तिथे जाडी नको. उन्हातली साडी मात्र टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर घालून, तेल न मिसळता, ट्यूबमधून आला तसा, सुरीने किंवा भरलेल्या फ्लॅटने. खांद्यावरची एकच घडी अशी लावायची की बोटाला लागावी. रेम्ब्रांटची ‘ज्यू वधू’ ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यातल्या पुरुषाच्या बाहीवर रंगाची अक्षरशः ढेकळं आहेत आणि मागचा अंधार त्या मानाने पातळ. उजळ तिथे जाड असं फिल्टर म्हणतो तेव्हा तो इथवर अर्धा बरोबर आहे. पण फिक्कट आभाळही उजळच आहे ना? त्याला मी साडीएवढं जाड केलं तर आभाळ साडीच्या पुढे येईल. जाड रंग पुढे येतो.

शून्य_मांडणी

म्हणजे उंची उजळपणावर नाही, तर “पुढे काय हवं आहे” यावर. हे फोटोत कुठेच नसतं. हर्ट्झमननेच २००२ मध्ये प्रत्येक फटकाऱ्याला स्वतःचा उंचीचा नकाशा दिला होता, केसांच्या खाचांसकट, आणि फटकारे एकमेकांवर चढले की उंचीही चढते. त्याने कुंकवाचा खड्डा नक्की बुजेल, कारण शेवटचा फटकारा वरच राहतो. पण आभाळ साडीपेक्षा पातळ ठेवायचं हे त्यालाही कुणीतरी सांगावं लागेल.

दिशेचं एक करून पाहिलं. जिथे `A` ०.३ पेक्षा कमी आहे तिथली दिशा फेकून दिली आणि आजूबाजूच्या भरवशाच्या दिशा आत पसरवल्या. आभाळातली गांडुळं गेली. चेहऱ्यावर मात्र हनुवटी आणि केसांची दिशा आत पसरली आणि गालावर गोल गोल कडी आली. रंगारीकाकांचे कांदे.

जुना_रंगारी

आलेच ना!

शून्य_मांडणी

आता एकच उरतं, हाताने फोटोवर पंधरा-वीस बाण काढायचे, गालाला आडवे, पायरीच्या उभ्या अंगाला उभे, आणि तेच पसरवायचे. तेवढे बाण काढायला जो लागेल त्याला चित्र रंगवताच येत असेल, हा भाग वेगळा.

भटक्या_कॅमेरा

मला अजूनही वाटतं की दहा फुटांवरून कुणाला काही फरक पडत नाही. गिऱ्हाईक भिंग घेऊन येत नाही.

जुना_रंगारी

दहा फुटांवरून सव्वा मिलिमीटरची रेघ धड दिसतही नाही, म्हणजे दहा फुटांवरून तो नुसता फोटो आहे. मग फिल्टर कशाला लावला? माझ्या ब्रशचे फटकारे दहा फुटांवरून पायरी वळवतात.

भटक्या_कॅमेरा

दर काय लावता ते सांगा मग, गिऱ्हाइकाला कळवतो. :)

कोयनाकाठ

पमाताईंचा प्रश्न राहिला. ओल भिंतीतून येत असेल तर वॉर्निश पुढून मारून उपयोग नाही, कॅनव्हास मागून ओल पितो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि कॅनव्हास यांच्यात हवा खेळू द्या. बुरशी आधी पूर्ण वाळवून मऊ ब्रशने झाडा, आणि हे घराबाहेर करा.

माझी बहीण प्रिंटवर पारदर्शक ॲक्रिलिक जेल ब्रशने लावते, म्हणजे खरे उंचवटे येतात आणि खिडकीच्या उजेडात हलतात. कंदीसाहेबांना जमेल का?

सातारी_कंदी

जमेल, पण खाली छापलेले उंचवटे आणि वर माझे जेलचे उंचवटे असे दोन थर होतील ना? फिल्टरमध्ये `Shine` शून्यावर नेला तर छापील चमक जाते हे आत्ताच पाहिलं. १००० पिक्सेलवर आणून, चमक काढून, नवी प्रिंट काढतो. मग पायऱ्यांच्या उभ्या अंगावर जेल उभं ओढायचं, आडव्यावर आडवं, आभाळाला हात लावायचा नाही, आणि कुंकवावर एक ठिपका शेवटी. बरोबर ना, काका?

जुना_रंगारी

बरोबर. आधी टाकाऊ प्रिंटच्या कोपऱ्यावर लावून बघा, काही शाया पाण्याच्या जेलने पसरतात. आणि ठिपका टेकवला की लगेच उचला, घोळवत बसू नका.

पमाताई_नाशिक

धन्यवाद कोयनाकाठ. बूच कुठे मिळेल?